चार्जरवरच्या खुणा आणि आतलं पाच मिलिमीटरचं अंतर

जळगावच्या सराफ बाजारात अंगठी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आता वजन आणि घडणावळ विचारून थांबत नाही. हॉलमार्क दाखवा म्हणतं, भिंगातून एचयूआयडीची सहा अक्षरं वाचतं, आणि घरातला कॉलेजात जाणारा मुलगा सोबत असेल तर तो ती अक्षरं मोबाईलवर टाकून खात्री करून घेतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर ही सहा अक्षरं असलीच पाहिजेत, असा नियम झाला. सोन्यासाठी नावाजलेल्या या गावाने तो चांगला अंगवळणी पाडून घेतला आहे.

तेच गिऱ्हाईक परतताना गोलाणी मार्केटमध्ये चार्जर घ्यायला थांबलं, तर प्रश्न एकच असतो : "भाऊ, केवढाले शे?" धुळ्यात आग्रा रोडवर किंवा पाचकंदीलच्या गर्दीतही वेगळं काही घडत नाही. समोरून विचारलं जातं, "कंपनीचा देऊ की साधा?" साधा शंभर-दीडशेत मिळतो, कंपनीच्या चार्जरला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. दोन्ही पांढरे असतात, दोन्हींवर बारीक अक्षरांत बरंच काही छापलेलं असतं, आणि दोन्हींनी फोन चार्ज होतो. मग जास्त पैसे कशाचे, हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही.

सोन्याच्या हॉलमार्कची व्यवस्था जी संस्था चालवते, तीच चार्जरवरच्या नंबराची व्यवस्था चालवते. भारतीय मानक ब्यूरो, म्हणजे बीआयएस, हे तिचं नाव. ज्या मोबाईल ॲपवर एचयूआयडी तपासता येतो, त्याच ॲपवर चार्जरचा नंबरही तपासता येतो. सोन्यात फसगत झाली तर पैसे जातात. चार्जरमध्ये झाली तर भिंतीतली २३० व्होल्टची वीज हातातल्या फोनपर्यंत येऊ शकते. म्हणून या बारीक अक्षरांत काय लिहिलेलं असतं आणि त्यातलं कोणतं वाचायचं, हे एकदा नीट समजून घेतलं पाहिजे.

डबीच्या आत काय चालतं

सॉकेटमधून चार्जरमध्ये २३० व्होल्टची एसी वीज येते. आत शिरल्यावर ती आधी डीसी होते, आणि डीसी होताना तिचा दाब वाढून सुमारे ३२५ व्होल्टवर जातो, कारण २३० ही एसीची परिणामकारक किंमत असते आणि तिचं टोक ३२५ वर असतं. हा दाब एका कपॅसिटरमध्ये साठतो. पुढे एक ट्रान्झिस्टर किंवा आयसी ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते आणि ती छोट्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. ट्रान्सफॉर्मरला दोन गुंडाळ्या असतात. पहिल्या गुंडाळीत ३२५ व्होल्ट खेळत असतात, दुसरीतून पाच व्होल्ट बाहेर पडून फोनकडे जातात.

या दोन गुंडाळ्यांमध्ये तारेची जोड नसते. एकीतली ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातून दुसरीत जाते, वीज सरळ जात नाही. चार्जरची सगळी सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी आहे. मेनची बाजू आणि फोनची बाजू एकमेकींना कुठेही टेकता कामा नये : ट्रान्सफॉर्मरच्या आत नाही, सर्किट बोर्डावर नाही, आणि डबी हातातून पडून आतला एखादा भाग हलला तरीही नाही.

दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं. इस्त्रीच्या किंवा फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरली तर ती अर्थिंगच्या वायरीने जमिनीत जावी, अशी सोय असते. चार्जरपाशी ती सोय नाही. इथे माणूस आणि मेनची वीज यांच्यामध्ये फक्त इन्सुलेशन उभं असतं. म्हणून ते दुप्पट मजबुतीचं असावं लागतं. चार्जरवर एका चौकोनात दुसरा चौकोन काढलेला दिसतो, ती खूण या दुहेरी इन्सुलेशनची आहे.

मजबुती किती हवी, हे मानकात आकड्यांनी दिलेलं आहे. भारतात चार्जरसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेलं मानक आयएस १३२५२ (भाग १) हे आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं आहे. त्यानुसार २३० व्होल्टवर चालणाऱ्या साधारण चार्जरमध्ये सर्किट बोर्डाच्या पृष्ठभागावरून मोजलं, तर मेनची बाजू आणि फोनची बाजू यांत सुमारे पाच मिलिमीटर अंतर लागतं, आणि हवेतून मोजलं तर सुमारे चार. धूळ आणि दमट हवा यांमुळे बोर्डावर थर साचतो, त्या थरातून वीज हळूहळू वाट काढते. तशी वाट तयार होऊ नये म्हणून हे अंतर ठेवायचं. त्यानंतर या दोन बाजूंमध्ये ३,००० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन पाहतात. इन्सुलेशन फुटलं तर चार्जर नापास.

प्रयोगशाळेतली परीक्षा इथे संपत नाही. चार्जर एक मीटर उंचीवरून तीन वेळा टाकतात आणि फुटून आतला जिवंत भाग उघडा पडतो का ते बघतात. मग आतले भाग एकेक करून मुद्दाम बिघडवतात. कपॅसिटर शॉर्ट केला तर काय होतं, ट्रान्झिस्टर शॉर्ट केला तर काय होतं, बाहेरच्या बाजूने वायर शॉर्ट झाली तर काय होतं, हे तपासतात. चार्जर बंद पडला तरी चालतो. त्याने पेट घेता कामा नये, आणि फोनच्या बाजूला मेनची वीज येता कामा नये. चार्जर कधीच बिघडणार नाही, असं मानक कुठेही म्हणत नाही. बिघडला तरी माणसाला इजा होऊ नये, एवढं ते मागतं.

स्वस्ताईसाठी काय काय काढलं जातं

शंभर रुपयांच्या चार्जरमधून कोणत्या वस्तू गेलेल्या असतात, हे दुरुस्तीच्या टेबलावर सहज दिसतं. मेनच्या तोंडाशी फ्यूज नसतो, किंवा त्याच्या जागी एक साधा बारीक रेझिस्टर असतो. नियंत्रण करणाऱ्या आयसीच्या जागी १३००१ नावाचा स्वस्त ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. बोर्ड इतका लहान असतो की पाच मिलिमीटर मोकळी जागा ठेवायला वावच नसतो. मेनचा सोल्डर आणि फोनकडचा सोल्डर यांच्यामध्ये एक मिलिमीटरही उरत नाही, असे नमुने जगभरातल्या अभियंत्यांनी उघडून दाखवले आहेत. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन गुंडाळ्यांमधली टेप एकाच पदराची असते. चांगल्या चार्जरमध्ये दुसरी गुंडाळी तीन पदरी इन्सुलेशनच्या वायरीची असते, इथे तिच्यावर नुसतं वार्निश असतं.

यातला एक भाग नीट पाहण्यासारखा आहे. बहुतेक चार्जरमध्ये मेनची बाजू आणि फोनची बाजू यांना जोडणारा एक छोटा कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. बोर्डावर तो बहुधा निळ्या चकतीसारखा दिसतो. ट्रान्झिस्टर सतत चालू-बंद होत असल्याने विजेत जी गडबड तयार होते, ती शांत करायला तो लागतो. याला वाय कपॅसिटर म्हणतात, आणि मेन ओलांडून बसवायचा असेल तर त्याचा सर्वांत कडक प्रकार, वाय-१, वापरायचा असतो. ऐनवेळी बिघडला तरी तो शॉर्ट होणार नाही, अशी त्याची बांधणी असते.

आता आकडेमोड करून पाहू. हा कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचा असेल, तर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला त्यातून सुमारे ०.१६ मिलिअँपिअर वीज गळते. मानकाची मर्यादा ०.२५ मिलिअँपिअर आहे, म्हणजे चार्जर नियमात बसला. धातूची कड असलेला फोन चार्जिंगला लावून ओल्या बोटाने हलकेच स्पर्श केला तर काही जणांना किंचित झिणझिण्या जाणवतात, त्या बहुतेक वेळा एवढ्याशा विजेच्या असतात. त्याने अपाय होत नाही.

स्वस्त चार्जरमध्ये त्याच जागी काही पैशांची साधी सिरॅमिक चकती असते. ती एक दिवस आतून शॉर्ट झाली की मधला अडथळा नाहीसा होतो, आणि फोनच्या बाजूला ०.१६ मिलिअँपिअरच्या जागी पूर्ण मेन उभी राहते. माणसाच्या शरीराचा रोध ओलाव्यात दीड हजार ओहमच्या आसपास धरला, तर २३० व्होल्टला अंगातून सुमारे १५० मिलिअँपिअर वीज जाईल. दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. तीस-चाळीसच्या पुढे ती काही क्षण टिकली तर हृदयाची लय बिघडू शकते. दीडशे त्याच्या फार पलीकडे आहे.

असं झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात २०१४ साली एका तरुण बाईचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. मान्यता नसलेला स्वस्त यूएसबी चार्जर त्याला कारण असल्याचा संशय होता, आणि तिथल्या ग्राहक संरक्षण खात्याने असे चार्जर वापरू नका, टाकून द्या, असं लोकांना सांगितलं.

अमेरिकेत १८९४ साली सुरू झालेली यूएल ही तपासणी संस्था आहे. तिने २०१६ साली ॲपलचं नाव लावून विकले जाणारे ४०० नकली अडाप्टर जमवून तपासले. ३९७ नापास झाले. त्यातल्या बारांची बांधणी इतकी कच्ची होती की वापरणाऱ्याचा जीव जाण्याचा धोका होता. आणि या नकली अडाप्टरवर यूएलचा शिक्काही छापलेला होता.

कोणती खूण काय सांगते

चार्जरच्या पोटावर साधारण अर्धा डझन खुणा असतात, आणि सगळ्यांचं वजन सारखं मानलं जातं. ते तसं नाही.

सीई ही दोन अक्षरं सगळ्यांत जास्त दिसतात. युरोपात माल विकायचा असेल तर तो युरोपच्या नियमांना धरून आहे, असं उत्पादकाने स्वतः जाहीर करायचं असतं, आणि ते जाहीर केल्याची ही खूण आहे. बहुतेक वस्तूंच्या बाबतीत कोणा त्रयस्थाने तपासलंच पाहिजे, अशी सक्ती नसते. प्रामाणिक उत्पादक ती खूण लावण्याआधी चाचण्या करून घेतो, अप्रामाणिक माणूस नुसती छापतो. युरोपात बाजार तपासणारी यंत्रणा त्याला पकडू शकते. जळगावात विकायला आलेल्या मालाच्या बाबतीत ती यंत्रणा काही करत नाही.

एफसीसी हे अमेरिकेच्या दळणवळण आयोगाचं नाव. या उपकरणाने रेडिओ आणि फोनच्या लहरींत अडथळा येत नाही, एवढंच ती खूण सांगते. विजेच्या धक्क्याशी तिचा संबंध नाही. आरओएचएस म्हणजे शिसं, पारा यांसारखे विषारी पदार्थ ठरावीक मर्यादेत आहेत. फुली मारलेली कचरापेटी म्हणजे हा ई-कचरा आहे, घरच्या कचऱ्यात टाकू नका. घराचं चित्र म्हणजे फक्त घरात वापरा, पावसापाण्यात नको. पाच किंवा सहा हा रोमन आकडा चार्जर किती वीज वाया घालवतो ते सांगतो. या सगळ्या खुणा खऱ्या असल्या तरी आतलं पाच मिलिमीटरचं अंतर राखलं आहे का, याचं उत्तर त्यांच्यात नाही.

भारतात हे उत्तर देणारी खूण एकच आहे. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने २०१२ साली सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला आणि नोव्हेंबर २०१४ च्या पुढच्या यादीत अडाप्टर, मोबाईल फोन, पॉवर बँक यांचा समावेश केला. उत्पादकाने आपला नमुना बीआयएसने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा, त्याचा अहवाल जोडून अर्ज करायचा आणि नोंदणी क्रमांक मिळवायचा. परदेशी कारखान्याला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. नोंदणी झाली की चार्जरवर बीआयएसची खूण छापतात. तिच्यावर मानकाचा क्रमांक, उदाहरणार्थ आयएस १३२५२ (भाग १), आणि तिच्याखाली `R-` आणि पुढे आठ आकडे. हाच आर-नंबर.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आयएसआय हा शिक्का आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. गॅसची शेगडी, सिमेंट, भिंतीतलं सॉकेट यांच्यावर तो असतो, आणि त्याच्याखाली `CM/L-` ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. त्या योजनेत बीआयएसचे अधिकारी कारखान्यात जाऊन पाहणी करतात. मोबाईलचा चार्जर त्या योजनेत येत नाही, तो आर-नंबरच्या योजनेत येतो. त्यामुळे चार्जरवर नुसताच आयएसआय छापलेला दिसला आणि आर-नंबर नसला, तर समाधान मानू नये, उलट जास्त संशय घ्यावा. छापणाऱ्याला कोणती खूण कुठे लागते, हेही माहीत नाही.

नंबर तपासायचा कसा

ॲपचं नाव `BIS Care`. त्यात एचयूआयडीसाठी जसा पर्याय आहे, तसा `Verify R-no. under CRS` हा दुसरा पर्याय आहे. त्यात चार्जरवरचा आठ आकडी नंबर टाकायचा. पडद्यावर काय येतं ते सावकाश वाचायचं, कारण नंबर सापडला एवढ्याने काम संपत नाही.

आर-नंबर हा एका कारखान्याला, एका प्रकारच्या वस्तूसाठी मिळतो. त्याच कंपनीचा दुसऱ्या गावातला कारखाना असेल तर त्याला वेगळा नंबर लागतो. म्हणून ॲपवर उत्पादकाचं नाव, पत्ता, वस्तूचा प्रकार, ब्रँड आणि नोंदणी चालू आहे की नाही, हे दिसतं. तीन गोष्टी जुळवून पाहायच्या. पहिली, वस्तूचा प्रकार अडाप्टर आहे का. एलईडी बल्ब आणि पॉवर बँक यांनाही याच योजनेत नंबर मिळतो, आणि नकली माल करणारे कधी कधी हाताला लागेल तो नंबर उचलून छापतात. चार्जरवरचा नंबर टाकल्यावर बल्बचं नाव आलं, तर तो चार्जर परत करायचा. दुसरी गोष्ट, चार्जरवरचा ब्रँड आणि ॲपवरचा ब्रँड एकच आहे का. तिसरी, नोंदणी चालू आहे, संपली आहे की रद्द झाली आहे. नोंदणी ठरावीक वर्षांची असते आणि तिचं नूतनीकरण करावं लागतं.

नंबर वाचता आला पाहिजे, ही तर पहिली अट. मानकातच एक चाचणी आहे : छापलेली अक्षरं पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पंधरा सेकंद घासतात, मग पेट्रोलियम स्पिरिटच्या फडक्याने पंधरा सेकंद, आणि तरीही ती वाचता आली पाहिजेत. दुकानात स्पिरिट नसतं, पण ओल्या रुमालाने घासून पाहायला कोणाची हरकत नसावी. जी छपाई अंगठ्याला लागते, ती कोणत्याही प्रयोगशाळेतून पास झालेली नाही.

ही खूण काय सांगू शकत नाही

आता या खुणेच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत, नाहीतर वाचक एका भाबडेपणातून निघून दुसऱ्यात जाईल.

पहिली मर्यादा अशी, की खऱ्या कंपनीच्या खऱ्या चार्जरवरचा नंबर कोणी जसाच्या तसा उतरवून नकली चार्जरवर छापला, तर ॲप तो बरोबरच सांगेल. ब्रँड जुळेल, प्रकार जुळेल, नोंदणीही चालू असेल. सोन्याच्या प्रत्येक दागिन्याला वेगळा एचयूआयडी असतो, आर-नंबर मात्र कारखान्यातून निघालेल्या सगळ्या चार्जरना एकच असतो. म्हणून नावाजलेल्या ब्रँडचा माल मूळ भावाच्या चौथाईला मिळत असेल, तर नंबर बरोबर असूनही घेऊ नये. अशा वेळी डबी हातात घेऊन पाहावी. फार हलकी वाटते का, हलवल्यावर आत काही खुळखुळतं का, पिना सैल आहेत का, दोन अर्ध्या भागांच्या जोडाला फट आहे का, इंग्रजी अक्षरांत चुका आहेत का. यातलं एकही लक्षण दिसलं तर तो चार्जर नकली समजावा.

दुसरी मर्यादा अशी, की नोंदणीसाठी नमुना उत्पादक स्वतः पाठवतो. पाठवलेला नमुना चांगला आणि बाजारातला माल कमअस्सल, असं होऊ शकतं. त्यासाठी बीआयएस बाजारातून नमुने उचलून तपासते आणि नापास झाल्यास नोंदणी थांबवते किंवा रद्द करते. ॲपवर नोंदणीची स्थिती वाचायची ती म्हणूनच.

एवढं असूनही नंबर असलेला आणि नसलेला यांत मोठा फरक उरतो. नंबर असलेल्या चार्जरमागे एक पत्ता असतो. काही झालं तर कोणाला विचारायचं ते कळतं, आणि त्या पत्त्यावरच्या माणसाला आपली नोंदणी जाईल ही धास्ती असते. बिननंबरी चार्जरमागे कोणीच नसतं.

खान्देशातला उन्हाळा आणि तुटलेली न्यूट्रल

चार्जर पुण्यात वापरला काय आणि भुसावळात वापरला काय, मानक तेच. पण चार्जरवर पडणारा ताण सारखा नसतो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो. पत्र्याच्या घरात किंवा उन्हाने तापलेल्या भिंतीतल्या सॉकेटपाशी हवा त्याहून गरम असते, आणि डबीच्या आत चालू भागांची उष्णता त्यात मिळते. चार्जरमधला सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे तो ३२५ व्होल्ट साठवणारा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. चांगल्या चार्जरमध्ये तो १०५ अंश सोसणारा असतो, स्वस्तातल्यात बहुधा ८५ अंशांचा. या एकाच फरकाने आयुष्य चौथाईवर येतं. म्हणूनच खान्देशातल्या उन्हाळ्यात फुगलेला कपॅसिटर ही दुरुस्तीवाल्याच्या रोजच्या कामातली गोष्ट आहे. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली किंवा गोधडीत ठेवण्याची सवय इथे म्हणूनच जास्त घातक ठरते. चार्जर मोकळ्या हवेत असला पाहिजे.

विजेच्या दाबाचं दुखणं याहून मोठं आहे. गावातल्या डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघते. प्रत्येक घराला एक फेज आणि न्यूट्रल मिळते, म्हणून घरात २३० व्होल्ट येतात. वाऱ्यावादळात किंवा जुन्या जोडापाशी न्यूट्रल तुटली, की दोन वेगवेगळ्या फेजांवरची घरं एकमेकांच्या मागे एकाच ओळीत जोडली जातात आणि दोन फेजांमधला ४०० व्होल्टचा दाब त्यांच्यात वाटला जातो. ज्या घरात कमी उपकरणं चालू असतात, त्याच्या वाट्याला जास्त दाब येतो. रात्रीची वेळ असेल, घरात एक दिवा आणि एक चार्जर एवढंच चालू असेल, तर त्या चार्जरवर तीनशे, साडेतीनशे व्होल्ट येऊ शकतात. "लाइट वाढली आणि सगळं जळालं" असं गावात म्हणतात, ते बहुतेक वेळा यामुळे.

आता तो साठवणीचा कपॅसिटर ४०० व्होल्टचा असतो. मेनचा दाब २८३ व्होल्टच्या पुढे गेला की त्याच्यावर ४०० पेक्षा जास्त पडतात आणि तो फुटू शकतो. इतका दाब आला तर नोंदणीचा चार्जरही टिकेलच असं नाही. पण त्याचा फ्यूज उडतो, डबीचं प्लास्टिक ज्वाला धरत नाही, आणि मधलं अंतर आणि इन्सुलेशन शाबूत असल्यामुळे फोनकडे मेन जात नाही. सकाळी घरच्यांना बंद पडलेला चार्जर सापडतो. बिननंबरी चार्जरला फ्यूज नाही, प्लास्टिक साधं आहे, आणि मधलं अंतर एका मिलिमीटरचं आहे. फुटलेल्या कपॅसिटरचा ओला रसायनाचा थर त्या एका मिलिमीटरवर पसरला की पुढे काय होईल, हे नशिबावर राहतं.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल, तर अंगातून जमिनीकडे जाणारी वीज तो क्षणार्धात तोडतो. इलेक्ट्रिशियनला सांगून तो जरूर बसवून घ्यावा. पण चार्जरला लागलेली आग त्याला ओळखता येत नाही, त्यामुळे चांगल्या चार्जरची गरज त्याने संपत नाही.

दुकानदार, बिल आणि तक्रार

बीआयएसचा २०१६ चा कायदा फक्त कारखानदाराला बांधत नाही. ज्या वस्तूला खूण सक्तीची आहे, ती खुणेशिवाय बनवणं, आयात करणं, वाटणं, विकणं, विकायला साठवणं किंवा मांडून ठेवणं, या सगळ्यालाच या कायद्याने मनाई केली. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख रुपये दंड, अशी शिक्षा कायद्यात ठेवली गेली. काउंटरवर लटकवलेली बिननंबरी चार्जरची माळ याच तरतुदीत येते. अनेक दुकानदारांना हे माहीत नाही. त्यांना माल मोठ्या शहरातल्या होलसेल बाजारातून पोत्यात येतो, आणि गिऱ्हाईक नंबर विचारत नाही म्हणून तेही होलसेलवाल्याला विचारत नाहीत. ही साखळी गिऱ्हाइकाच्या टोकाकडूनच हलवता येईल.

त्यासाठी बिल मागायचं, आणि त्याच्यावर ब्रँड, मॉडेल आणि आर-नंबर लिहून घ्यायचा. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर शुद्धतेचा तपशील लिहून देण्याची सराफांना सवय झाली, तशी मोबाईलच्या दुकानदारांनाही होईल. ज्याचा माल खरा आहे, तो लिहून द्यायला मागेपुढे पाहणार नाही. जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून घेऊ नये.

नंबर खोटा निघाला तर `BIS Care` मध्येच तक्रारीची सोय आहे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. नुकसान मोठं असेल, आग लागली असेल किंवा कोणाला इजा झाली असेल, तर जळगाव आणि धुळे दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे. विजेमुळे झालेल्या अपघाताची चौकशी करायचा अधिकार २००३ च्या वीज कायद्याने विद्युत निरीक्षकाला दिला आहे, त्याला कळवावं. आणि जळालेला चार्जर फेकू नये. तो, त्याचं खोकं आणि बिल हाच पुरावा असतो. घाबरून तो उकिरड्यावर गेला, तर उरतो तो नुसता तोंडी दावा.

दिवाळीच्या साफसफाईत घरातले सगळे चार्जर एका ठिकाणी गोळा करावेत : आजोबांच्या बटणाच्या फोनचा, मुलांच्या इअरफोनचा, पाहुण्यांनी विसरलेला, देव्हाऱ्यातल्या दिव्यांच्या माळेचा. एकेक हातात घेऊन आर-नंबर शोधावा आणि ॲपवर टाकावा. तडा गेलेला, पिना हललेल्या, कुठे काळा डाग किंवा जळका वास असलेला चार्जर नंबर असला तरी बाजूला काढावा. ज्याचा नंबर नाही, वाचता येत नाही किंवा जुळत नाही, तोही बाजूला. हे चार्जर भंगारवाल्याला तसेच देऊ नयेत, कारण ते पुसून पुन्हा कुठेतरी विकले जातात. आधी वायर कापावी, पिना पक्कडीने वाकवाव्यात आणि मगच ई-कचऱ्यात द्यावेत. उरलेल्यांपैकी एक आजोबांच्या खाटेजवळ आणि एक मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर, असे सगळ्यांत खात्रीचे चार्जर सगळ्यांत बेसावध माणसांकडे द्यावेत. नवे घ्यायची वेळ आली तर दर विचारण्याआधी नंबर विचारावा.